शब्दचर्चा : पूर्वायुष्याचा 'खुलासा' की 'उलगडा'?

मृणाल : पात्राचा वेदनादायक भूतकाळ लेखक थोडा थोडा सांगतो आणि दर वेळी समोर चाललेल्या प्रसंगाचा अर्थ पालटतो. या क्रियेला मी लेखात 'पूर्वायुष्याचा खुलासा' म्हटले, तर संपादकांनी त्याखाली रेघ ओढली. योग्य शब्द कोणता?

दिगंबर : 'खुलासा' चुकीचा नाही. त्यात 'खुले करणे' आहेच.

वसुधा : ते साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. 'खुलासा' अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ सार असा आहे. शिवाय मराठीत खुलासा कोणीतरी मागतो आणि तो दिला की शंका मिटते. येथे मात्र प्रत्येक तुकड्याने प्रसंग अधिक अवघड व्हायला हवा. म्हणून मी 'उलगडणे' सुचवीन.

समजा, रात्री पती पत्नीचा फोन निःशब्द करू पाहतो आणि ती अडवते. भावाचा फोन येईल, असे ती म्हणते, तेव्हा तो ओशाळून थांबतो. मग बोलता बोलता कळते की भाऊ सहा वर्षांपूर्वीच वारला. आता त्याला तिची काळजी वाटू लागते आणि तो तिच्याशी जपून बोलतो. शेवटी ती सांगते की त्या रात्री भावाचे नाव पाहूनच तिने फोन निःशब्द केला होता. पतीचे बोट अजून त्याच बटणावर आहे. सुरुवातीची क्षुल्लक कृती आता त्याच्याने होणार नाही.

प्रकाश : यालाच 'पूर्वदृश्य' म्हणतात ना? माझ्या एकांकिकेत नायक तीन पाने बालपण सांगतो आणि तालमीत तिथेच सगळे कंटाळतात.

वसुधा : पूर्वदृश्य आपल्याला वर्तमानातून उठवून मागे नेते, वरच्या प्रसंगात फोन हातातून सुटतच नाही. तुमच्या स्वगतातला एकेक तुकडा वगळून पाहा. पुढचे संवाद जसेच्या तसे चालत असतील, तर तो तुकडा केवळ माहिती देत होता. क्रमही तपासावा : पत्नीने शेवटची गोष्ट आधी सांगितली असती, तर ओशाळणे आणि काळजी या दोन्ही पायऱ्यांना जागाच उरली नसती.

दिगंबर : खुलाशाबद्दलचे म्हणणे मान्य, पण 'उलगडा' तर कोड्याचाही होतो. त्यात वेदना कुठे आहे? मला 'खपली निघणे' जवळचे वाटते.

वसुधा : वेदना त्यात नक्कीच आहे. मात्र खपली पात्राची निघते. कोणता तुकडा कधी द्यायचा हे लेखकाचे कौशल्य त्या शब्दात येत नाही.

मृणाल : मला वेगळीच अडचण दिसते. 'उलगडा झाला' म्हटले की सगळे संपल्यासारखे वाटते, 'उलगडत जाणे' म्हटले की ती क्रिया चालू राहते. वाक्यात मी क्रियापदच ठेवीन, परंतु शीर्षकासाठी नाम हवे आहे आणि ते मला अजून सापडलेले नाही.