मदत हवी आहे: क्रिस्टलमधला लेझर हिशोबाच्या दुपटीहून जास्त वळतोय

ऐरोलीची_मुक्ता: उद्या व्हायवा आहे, लवकर सांगा. क्रिस्टलमध्ये ध्वनिलहरी सोडून लेझर वळवलाय. पडद्यावर दोन ठिपक्यांत 10.7 मिमी अंतर यायला हवं, येतंय 24. कुठे चुकतंय?

खारेगावचा_बंड्या: स्पीकर क्रिस्टलला नीट चिकटवलाय का? गणपतीत आमच्या खिडकीची काच थरथरायची, तसंच असेल.

मुक्ता: स्पीकर नाही हो, ट्रान्सड्यूसर! ऐकू येणारा आवाज नाही हा.

जुना_प्रयोगशाळावाला: क्रिस्टल कुठला, फ्रिक्वेन्सी किती, पडदा किती लांब? हे न सांगता काय सांगणार?

मुक्ता: सॉरी. टेल्युरियम डायऑक्साइड, 80 मेगाहर्ट्झ, लाल हीलियम-निऑन 633 नॅनोमीटर, क्रिस्टलपासून पडदा 2 मीटर. ध्वनीचा वेग 4200 मी/से. क्रिस्टलमध्ये तरंगलांबी कमी होते म्हणून 633 ला 2.26 ने भागलं, मग λf/v.

रबाळे_मार्किंग: आमच्या मार्किंग मशीनच्या क्यू-स्विचमध्येही हेच असतं. कोन कोण मोजतो? पाणी फिरतंय ना ते बघा, नाहीतर क्रिस्टल तापतो.

वाशी_फिजिक्स: सोपं आहे. ब्रॅगचा कोन λf/2v, ठिपक्यांमधला कोन त्याच्या दुप्पट. तो 2 राहिलाय. 21.4 येतं, उरलेली मोजपट्टीची चूक.

जुना_प्रयोगशाळावाला: दुपटीचं तत्त्व बरोबर, पण तिने λf/v च घेतलंय, 2 त्यात आलाच. आणि 2.6 मिमी मोजपट्टी चुकत नाही. 24 भागिले 10.7 करून बघा: 2.24. म्हणजे जवळपास तुमचा 2.26 हा अपवर्तनांकच!

मुक्ता, क्रिस्टलच्या आत कोन लहान असतो हे खरं. पण किरण बाहेर हवेत येताना पुन्हा वाकतो आणि कोन तितक्याच पटीने वाढतो. तुम्ही आतला कोन काढून बाहेरच्या पडद्यावर नेलात. हवेतलेच 633 घ्या: 12.06 मिलिरेडियन, 2 मीटरवर 24.1 मिमी.

वाशी_फिजिक्स: योगायोगही असू शकतो.

जुना_प्रयोगशाळावाला: मग फ्रिक्वेन्सी बदलून बघू. 70 ला 21.1 आणि 90 ला 27.1 मिमी यायला हवं. आणि हो, 4200 हा अनुदैर्घ्य लहरींचा वेग. याच क्रिस्टलमध्ये 617 ची संथ आडवी लहरही असते. ती असती तर ठिपका 16 सेंमी दूर गेला असता.

मुक्ता: 70 ला 21, 90 ला 27 आलं!! पण 90 ला ठिपका फार मंद आहे.

जुना_प्रयोगशाळावाला: ब्रॅगचा कोनही बदलला ना. क्रिस्टल अगदी किंचित फिरवा, 1 मिलिरेडियनही लागणार नाही.

मुक्ता: फिरवलं. थोडा उजळला, पण 80 इतका नाही.

रबाळे_मार्किंग: म्हटलं ना, तापलाय.

जुना_प्रयोगशाळावाला: मला ट्रान्सड्यूसरचा संशय येतो, तो 80 साठीच बनवलेला असेल. 90 ला ड्रायव्हरकडून पॉवर तेवढीच जातेय का ते मोजलंत?