गोवराची लस थांबवली, कोविडची मात्र चालते म्हणे?

माटोळी_डिचोली: मुलगी अठरा महिन्यांची, 11 किलो. डोळे सुजले म्हणून दाखवलं तर नेफ्रोटिक निघालं, लघवीतून प्रथिनं जातात तो किडनीचा आजार. प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड, रोज 22 मिलीग्रॅम, तिसरा आठवडा चालूय. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस डॉक्टरांनी थांबवला. आणि नणंदेचा नवरा लिस्बनला, किडनी बदललेली, त्याच्या गोळ्या तर हिच्याहून भारी, त्याला तिथल्या डॉक्टरांनीच एमआरएनए लस घ्यायला लावली. जुनी लस धोक्याची आणि कालची चालते, हे उलटंच नाही का?

सत्तरीकर: उलटंच आहे. गोवराची लस 1963 पासून आहे, आमची अख्खी पिढी घेऊन बसलीय. ती एमआरएनए पेशीत शिरून तुमच्याच शरीराला नको ते बनवायला लावते. मी कोविशील्डचे दोन घेतले, तेव्हापासून जिना चढताना गुडघे कुरकुरतात. तीच ना ती एमआरएनए.

मळेवाट: भाऊ, कोविशील्ड एमआरएनए नव्हे. तिच्यात चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूचं, वाढू न शकणारं केलेलं वाहन होतं. कोवॅक्सिन म्हणजे मेलेला विषाणू. आपल्याकडे बहुतेकांना ह्या दोनांतलीच एक मिळाली. तेव्हा गुडघ्यांचं बिल दुसऱ्या कोणाच्या नावावर फाडा.

माटोळीताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलीत म्हणून जरा लांबण लावतो. लस जुनी की नवी हा मुद्दाच नाही, टोचल्यावर ती वाढते की नाही हे बघायचं. गोवराच्या डोसात जिवंत विषाणू असतात हजाराच्या हिशोबात, म्हणजे नखाएवढे पण नाहीत. इतक्याने शरीर शिकत नाही, ते विषाणू आत वाढतात तेव्हा शिकतं. कोंबडीच्या अंड्यातल्या पेशींत पुन्हापुन्हा वाढवून त्यांचा जोर काढलेला असतो, त्यामुळे ते वाढतात पण दमत दमत, आणि आठवडाभरात टी पेशी येऊन त्यांना आवरतात. म्हणूनच गोवराच्या लसीचा ताप त्याच रात्री सहसा येत नाही, सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, एखाद्या पोराला बारीक पुरळ पण उठतं. तो ताप म्हणजे शाळा भरलीय.

आता तुमच्या मुलीला किलोमागे 2 मिलीग्रॅम चाललंय. चौदा दिवस किंवा जास्त असा डोस चालू असला की जिवंत लस देत नाहीत, कारण आवरणारे मास्तरच गोळीने झोपवलेत. बहुतेक पोरांना तरी काही होणार नाही, पण प्रतिकारशक्ती फारच खचलेल्यांत ह्याच लसीचा विषाणू फुफ्फुसात, मेंदूत गेल्याच्या नोंदी आहेत. एमआरएनएत वाढणारं काही नसतंच. चरबीच्या बुडबुड्यात एक चिठ्ठी, कोरोनाच्या काट्याची कृती लिहिलेली. पेशी ती वाचते, काटे बनवते, चिठ्ठी काही दिवसांत विरघळते. स्वतःची झेरॉक्स काढत नाही, केंद्रकात जात नाही. त्यामुळे लिस्बनच्या भावोजींना विषाणू मोकाट सुटेल ही भीतीच नाही, भीती ही की शिकवलेलं डोक्यात शिरणारच नाही. आणि झालं पण तसंच, अवयव बदललेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात दोन डोसनंतरही अँटीबॉडी दिसल्या नाहीत. म्हणून त्यांना तिसरा, पुढचा असे डोस द्यावे लागले.

पर्वरीची_कॉफी: म्हणजे कळलं, जिवंत लस एकदा घेतली की जन्मभर, आणि एमआरएनए दर सहा महिन्यांनी रिचार्ज. मग जिवंतच भारी की.

मळेवाट: अर्धं बरोबर. नाकात फवारायची फ्लूची लस पण जिवंतच असते आणि ती दरवर्षी घ्यायला लागते. टिकणं हे लसीइतकंच रोगावर पण असतं. गोवराचा विषाणू पन्नास वर्षांत फारसा बदलला नाही, शिवाय आत शिरल्यापासून पुरळ येईपर्यंत दोनेक आठवडे घेतो, तेवढ्यात जुनी आठवण जागी होऊन धावते. कोरोना दोन-चार दिवसांत नाकाघशात बस्तान मांडतो आणि तोंडवळा पण बदलतो. आणि गोवराचा दुसरा डोस रिचार्ज नव्हेच बरं. नवव्या महिन्यात आईच्या उरलेल्या अँटीबॉडी काही पोरांत लसीलाच मारून टाकतात, शंभरातली पंधराएक शिकायची राहतात, दुसरा डोस त्यांच्यासाठी.

साळगावची_मावशी: एमआरएनए एवढी गरीब गाय आहे असं पण दाखवू नका हां. माझा भाचा स्विंडनला, सतरा वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं, आडवा झाला की जास्त. ईसीजी बिघडलेला, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन वाढलेलं, दोन रात्री ठेवून घेतला, मग सहा महिने मैदान बंद. आता ठणठणीत आहे, पण बहिणीची झोप उडाली ती उडालीच.

सत्तरीकर: बघा! हेच म्हणत होतो.

मळेवाट: मावशींचं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. हृदयाच्या स्नायूची ती सूज, जास्त करून तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याच्या आत. छातीत दुखणं, धडधड, दम लागणं, ह्यातलं काही झालं तर गॅसेस म्हणून ओवा खाऊन बसायचं नाही, ईसीजी काढायचा. बहुतेक बरे होतात. ऑक्टोबर 2021 मध्ये स्वीडनने तिशीच्या आतल्या सगळ्यांना आणि फिनलंडने तिशीच्या आतल्या पुरुषांना मॉडर्नाची एमआरएनए लस थांबवली ती ह्याच्यासाठीच. कोरोनानेही तशी सूज येते हे खरं, तरी धडधाकट अठरा वर्षांच्या पोराला तिसरा डोस हवाच होता का ह्यावर आमच्यातच दोन तट आहेत, आणि मी नको म्हणणाऱ्यांत.

पर्वरीची_कॉफी: मी हवा म्हणणाऱ्यांत. घरात डायलिसिसवरची आजी असली तर?

मळेवाट: आजीलाच दे ना बाबा, नातवाच्या डोसाने संसर्ग किती महिने अडतो ते सांग आधी.

सिस्टर_वाळपई: तुमचं भांडण चालूदे. माटोळीबाय, घरात आणखी पोर आहे? थोरल्याचा गोवर-रुबेला राहिला असेल तर आजच द्या, त्या लसीचा विषाणू दुसऱ्याला लागत नाही, उलट तो घरात गोवर आणणार नाही. फक्त पोलिओचे थेंब जपून, त्यातला जिवंत विषाणू शीतून, नव्हे शौचातून बाहेर पडतो (हा मोबाईल!), तेव्हा थोरल्याला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं का ते विचारा. आणि कुठे गोवराच्या पोराजवळ बाळी गेलीच तर पुरळाची वाट बघू नका, सहा दिवसांच्या आत तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं, म्हणजे फोन त्याच दिवशी.

माटोळी_डिचोली: थोरला पाच वर्षांचा, त्याचे सगळे झालेत. पण फाईलवर नुसतं थांबवा लिहिलंय, कधीपर्यंत ते नाही. तिथे विचारलं तर पुढच्या वेळी बघू म्हणाले.

सिस्टर_वाळपई: बोटावर मोजा. साधारण सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे एक दिवसाआड, आणि बंद झाल्यावर निदान चार आठवडे. तिसरा चालूय म्हणजे अजून तेरा-चौदा आठवडे. बाळी तेव्हा एकवीस-बावीस महिन्यांची, डोस चोविसाच्या आतच बसतो. पण ह्या आजारात सूज परत येते बऱ्याच पोरांना, तसं झालं तर गोळ्या परत आणि मोजणी पण पहिल्यापासून. लघवीची पट्टी रोज सकाळी बघताय ना?

माटोळी_डिचोली: बघतेय. काल पहिल्यांदा पिवळी राहिली, हिरवी झाली नाही. चवथीला मात्र माहेरी नेणार नाही, तिथे पोरंच वीस जमतात.

सत्तरीकर: नेवऱ्या घरी पाठवतील. गुडघ्यांचं कोणीच सांगितलं नाही पण.