मदत हवी आहे: मिरचीचा पल्वरायझर एमएसचा घ्यावा की एसएसचा? ईएए कसा काढायचा?

मिरचीपूड
दोन कोटेशनं आलीत आणि शनिवारपर्यंत ॲडव्हान्स भरला नाही तर सीझनच्या आधी मशीन मिळणार नाही म्हणतो डीलर. एमएसचा म्हणजे साध्या लोखंडाचा पल्वरायझर १ लाख २० हजार, वर्षाचा खर्च ४६ हजार. एसएसचा म्हणजे स्टेनलेस स्टीलचा २ लाख १० हजार, वर्षाचा खर्च ३२ हजार. भावाने एक्सेलमध्ये एनपीव्ही काढला, म्हणजे पुढचे सगळे खर्च आजच्या पैशात मांडले, एमएसचा एकूण खर्च २ लाख ६० हजाराच्या आसपास आला आणि एसएसचा ३ लाख ५६ हजार, तर तो म्हणतो सरळ एमएस घे. बँकेतले साहेब म्हणाले असं चालत नाही, ईएए काढा, आणि पुढच्या माणसाकडे वळले. नक्की काय करायचं असतं? थिअरी नको, कोणती घेऊ तेवढं सांगा.

जमाखर्च
कोणती किती वर्षं टिकणार? व्याजाचा दर काय धरलाय? दोन्हींचं तासाचं दळण सारखंच आहे का? हे तिन्ही न सांगता कोणती घेऊ कसं सांगणार ताई.

वसईकर
पल्वरायझर घेऊच नका. मसाला तापतो, वास उडतो. आमच्याकडे डंकीवर कुटलेला मसालाच लोक मागतात, रांग लागते मे महिन्यात. डंकीचा विचार करा.

मिरचीपूड
अहो डंकी नकोय, आमच्याकडे कांदा-लसूण चटणीचं गिऱ्हाईक आहे, बारीक लागतं. एमएसची ४ वर्षं, एसएसची ७. हे कोटेशनवरच आहे म्हणून लिहिलं नव्हतं. दर भावाने १२ टक्के धरलाय, लोन त्याच दराने मिळतंय. दळण सारखंच, मोटार पण सेमच.

सरळहिशोब
मग यात एवढं काय आहे? १ लाख २० भागिले ४ = ३० हजार. २ लाख १० भागिले ७ = ३० हजार. मशीनची किंमत वर्षाला सारखीच पडते! राहिला वर्षाचा खर्च, ४६ आणि ३२. एसएस १४ हजारांनी स्वस्त, विषय संपला. ईएए बिईए बँकवाल्यांना लागतं.

जमाखर्च
दिशा बरोबर, आकडा चूक. तुमच्या हिशोबात ७ वर्षं पैसे अडकून पडल्याचं व्याजच नाही.

आधी भावाचं कुठे चुकतंय ते बघा. त्याचे २ लाख ६० हजार हा ४ वर्षं मिरची दळायचा खर्च आहे आणि ३ लाख ५६ हजार हा ७ वर्षं दळायचा. पाचव्या वर्षी एमएसवाल्याकडे मशीनच नाही, त्याला परत लाखभर घालायचेत, ते त्याच्या बेरजेत कुठेच आलेले नाहीत. म्हणून दोन्ही बेरजा वर्षावर आणायच्या, पण नुसत्या भागाकाराने नाही, हप्ता काढतात तसं. म्हणजे असं समजा की मशीन तुम्ही स्वतःलाच भाड्याने दिलीय, १२ टक्के व्याजासकट किंमत वसूल व्हायला वर्षाला किती भाडं लावाल? हे वर्षाचं भाडं अधिक वर्षाचा खर्च म्हणजेच तुमचा ईएए, दरवर्षी समान पडणारी रक्कम. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=PMT(12%,4,-120000)+46000
=PMT(12%,7,-210000)+32000
```

पहिल्याचं उत्तर ८५,५०८ येईल, दुसऱ्याचं ७८,०१५. एसएस वर्षाला साडेसात हजारांनी स्वस्त, १४ हजारांनी नाही. खर्चाचे आकडे आहेत म्हणून जो कमी तो चांगला, नफ्याचे असते तर उलट.

आकडेमोड
हे शॉर्टकट झालं. खरी पद्धत म्हणजे लसावि घ्यायचा. ४ आणि ७ चा २८, म्हणून २८ वर्षांत एमएसची ७ मशीन आणि एसएसची ४, सगळ्यांचा एनपीव्ही काढून तुलना करा. आणि चार वर्षांनी मशीन १ लाख २० ला मिळणार आहे का? महागाई कोण धरणार?

जमाखर्च
२८ वर्षांचा तक्ता मांडलात तरी क्रम हाच येणार, कारण त्यातही तेच मशीन त्याच किमतीला परत परत घेतोय असंच धरलंय. महागाईचा मुद्दा मात्र रास्त आहे. किमती आणि खर्च दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतील असं धरलं तर दरातून महागाई वगळायची, म्हणजे १.१२ भागिले १.०५, साधारण पावणेसात टक्के. त्या दराने फरक उलट वाढतो, दहा हजारांच्या वर जातो एसएसच्या बाजूने.

सरळहिशोब
म्हणजे मी म्हणालो तेच, एसएस.

जमाखर्च
या दराला, हो. पण लोन नाही मिळालं आणि खासगी सावकाराकडून महिना दोन टक्क्याने उचलले तर? वार्षिक २३ टक्क्यांच्या आसपास दोन्ही मशीन बरोबरीत येतात, त्याच्या वर एमएस स्वस्त. तुमच्या भागाकारात हे कधीच दिसणार नाही, तिथे उत्तर कायम १४ हजार.

सासवडचीवहिनी
विषयांतर होतंय पण पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान असतं, बँकेच्या कर्जाला जोडलेलं. माझ्या नणंदेने शेवयांच्या मशीनला घेतलं. आता चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा आधी, ॲडव्हान्स नंतर.

वसईकर
शेवया आणि मिरची यात फरक आहे वहिनी. आणि एमएसच्या भांड्यात मिरची दळली की लोखंडाचा अंश पुडीत उतरतो त्याचं काय? हे कुठल्या फॉर्म्युल्यात बसतं?

जमाखर्च
बसत नाही, मान्य. पाकिटं भरून विकणार असतील तर त्यासाठी एसएसला वेगळे मार्क. लोकांची मिरची नुसती दळून देणार असतील तर गिऱ्हाईक तेवढं बघत नाही बहुतेक. ताई, वर्षाच्या खर्चात काय काय धरलंय? आणि शेवटी मशीन भंगारात किती जाईल?

मिरचीपूड
जाळ्या, बीटर, बेअरिंग, पट्टा आणि लाईट बिल. एमएसच्या जाळ्या लवकर जातात म्हणून ४६. भंगार धरलंच नाही, डीलर म्हणतो एसएस ७ वर्षांनी ३० हजाराला जाईल. दळून पण देणार, थोडी पाकिटं पण. आणि भाऊ विचारतोय गाळ्याचा करार ४ वर्षांचाच राहिलाय, त्याचा काही संबंध आहे का? मालक वाढवून देईल असं वाटत नाही.

आकडेमोड
हे आत्ता सांगताय??

जमाखर्च
संबंध आहे, मोठा आहे. भंगाराचे ३० हजार सातव्या वर्षी येणार म्हणून वर्षाला जेमतेम ३ हजारांचा फरक, ७८ चे ७५ होतील. पण करार संपल्यावर धंदाच बंद करणार असाल तर ईएए बाजूला ठेवा. तो तेव्हाच खरा जेव्हा मशीन संपली की तुम्ही तशीच दुसरी घेणार. ४ वर्षांतच थांबायचं असेल तर दोन्हींना ४ वर्षंच मोजा: एसएस ३ लाख ७ हजार, एमएस २ लाख ६० हजार, आजच्या पैशात साडेसत्तेचाळीस हजारांचा फरक. तो भरून निघायला ४ वर्षं वापरलेली एसएस मशीन तेव्हा ७५ हजारांना विकली गेली पाहिजे. एवढे मिळणार असतील तर एसएस, नाहीतर एमएस. आणि दुसऱ्या गाळ्यात मशीन हलवून धंदा चालूच ठेवणार असाल तर परत वरचाच हिशोब, फक्त हलवायचा खर्च एसएसमध्ये मिळवा आणि नव्या वायरिंगचा दोन्हींत. एमएस तोवर संपलेलीच असेल, नवी थेट नव्या जागी येईल, पण वायरिंग तिलाही लागेलच.

सरळहिशोब
७५ हजार? चार वर्षं मिरची दळलेल्या मशीनला? कोण देणार.

सासवडचीवहिनी
आमच्या इथे जुनी एसएसची मशीन चांगल्या भावाने जातात हो, नवीन बचत गट तीच शोधत असतात.

मिरचीपूड
बंद नाही करणार बहुतेक, पण भाऊ पुण्याला जायचं म्हणतोय. कोणी सेकंड हॅन्ड एसएस पल्वरायझर घेतलाय का, ४-५ वर्षं जुना? कितीला मिळाला?

वसईकर
मोटारीसकट विचारताय की नुसतं मशीन?