कॉस्टिकच्या कागदावर 'जळजळ' लिहावं की 'भाजणं'?

रानजाई: भाऊ इचलकरंजीत कापड प्रोसेसमध्ये आहे. हौदाजवळ लावायला कॉस्टिक सोड्याच्या सुरक्षा-माहितीपत्रकाचं मराठी हवंय, म्हणून त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. इशाऱ्याची ओळ मी 'त्वचेची तीव्र जळजळ व डोळ्यांना इजा' अशी केली. आकडा पुसट आहे, H314 की H315 ते कळत नाही.

लंबोदर: जळजळ फार घरगुती वाटतं. 'दाहक' लिहा, एका शब्दात काम होतं.

चिंचोका: आमच्याकडे दाहक म्हणजे पेट घेणारं असंच समजतात. माणसं विडी विझवतील आणि हात खुशाल हौदात घालतील.

सूतगिरणी: आधी आकडा. शेजारचं चित्र बघा. हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवलेत तर 314, म्हणजे कातडी भाजणं; नुसतं उद्गारचिन्ह असेल तर 315, म्हणजे नुसती जळजळ. कॉस्टिकच्या फ्लेक्सचा 314 च असतो.
आता शब्द. कॉस्टिक अंगाला लागलं की आधी बुळबुळीत लागतं, कारण कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. दुखायला बरेचदा नंतर लागतं. 'जळजळ' वाचलेला माणूस जळजळ व्हायची वाट बघत बसेल आणि तोवर कातडी आत खोल गेलेली असेल. मी लिहीन, 'कातडी खोलवर भाजते, डोळा जाऊ शकतो.' त्याखाली वेगळ्या ओळीत, 'बुळबुळीत लागलं की लगेच धुवा.' ही ओळ मुळात नाही, म्हणून ती भाषांतरात मिसळू नका.

लंबोदर: अल्कली आहे ना, मग वर लिंबू किंवा व्हिनेगर चोळलं की उतरेल.

सूतगिरणी: हिशेब बरोबर आहे, पण तो अंगावर करायचा नाही. आम्ल शोधण्यात वेळ जातो आणि दोन्ही भिडले की उष्णताही निघते. कपडे काढायचे आणि भरपूर वाहतं पाणी.

रानजाई: कपड्यांसाठी 'दूषित वस्त्रे त्वरित काढावीत' असं लिहिलंय. डोळ्यांसाठी 'काही मिनिटे पाण्याने धुवावेत'. आणि 'वांती प्रवृत्त करू नये'.

चिंचोका: दूषित म्हणजे मळकट वाटेल हो. 'ज्या कपड्यांवर कॉस्टिक सांडलंय ते लगेच काढा.' आणि वांतीबद्दल, मोरी साफ करायची पावडर पुतण्याच्या तोंडात गेली तेव्हा शेजारणीने मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला घेतली होती. वहिनीने अडवलं म्हणून बरं. 'गिळलं तर चूळ भरा, उलटी काढू नका' इतकं साधं लिहा.

सूतगिरणी: बरोबर अडवलं. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं.
डोळ्याच्या ओळीतलं 'काही मिनिटे' मला खटकतं. वाचणारा दोन-तीनच धरतो. प्रथमोपचार पत्रकाच्या चौथ्या भागात असतात आणि तिथे बहुधा किमान 15 मिनिटं दिलेली असतात. तुमच्या फोटोत ते पान नाही. भावाकडून मागवा आणि तिथला आकडा घाला.

रानजाई: मागवते. पण 'भाजते' वाचून कुणी विस्तव समजणार नाही ना? आई म्हणते 'पोळते' लिही.

चिंचोका: पोळतं ते चहाने. कॉस्टिकला तो शब्द हलका पडेल.

लंबोदर: आमच्या गावी चुन्याने हात पोळतो असंच म्हणतात, आणि चुनाही अल्कलीच.