मदत हवी आहे: लोहाच्या सलाईनने बहिणीला त्रास झाला, आता पुन्हा गोळ्याच का?

सागर_विटा:
लवकर सांगा कुणीतरी. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रक्त कमी आहे म्हणून परवा इथल्या एका दवाखान्यात लोहाची सलाईन लावली. थोड्याच वेळात छातीत आवळल्यासारखं झालं, चेहरा लालबुंद झाला, कंबर धरली. लगेच बंद केली. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे, यापुढे लोहाचं इंजेक्शन कधीच घ्यायचं नाही, गोळ्या चालू ठेवा आणि बाळंतपणाला रक्ताची पिशवी तयार ठेवा. गोळ्या तर चौथ्या महिन्यापासून चालूच आहेत. त्यांनी भागलं असतं तर सलाईन कशाला लावली असती? आई म्हणते आता सुई नकोच. खरंच कधीच घेता येत नाही का?

मंगलमावशी_तासगाव:
बाळा, घाबरू नका. माझ्या सुनेला रोज बीटाचा रस आणि रात्री भिजवलेले खजूर दिले, गूळ-शेंगदाणे दिले. महिन्यात चेहऱ्यावर तेज आलं. सुया टोचून घेण्यापेक्षा हे करून बघा.

शुभांगी_सिस्टर:
सागरदादा, कितवा महिना, हिमोग्लोबिन किती, फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी केलीय का, सलाईन किती मिनिटांत गेली आणि त्या वेळी बीपी किती होता, एवढं आधी सांगा. त्याशिवाय यावर काहीच बोलता येणार नाही. मी चौदा वर्षं प्रसूती विभागात काम करते आहे. "ॲलर्जी" हा शब्द कागदावर एकदा पडला की पुसला जात नाही, म्हणून विचारते.

सागर_विटा:
३१ आठवडे. हिमोग्लोबिन ७.६. फेरिटिन वगैरे माहीत नाही, फाईल पुण्याला सासरी आहे. बीपी कागदावर ९०/६० लिहिलाय.

प्रकाश_डायलिसिस:
माझ्या वडिलांचं मिरजेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. त्यांना लोहाचं इंजेक्शन मशीन चालू असतानाच देतात, दोन वर्षांत एकदाही त्रास नाही. फेरिटिन साडेतीनशे होतं तरी दिलं. ५०० पर्यंत चालतं असं आमचे डॉक्टर सांगतात. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, बिनधास्त द्या.

शुभांगी_सिस्टर:
प्रकाशदादा, तुमच्या वडिलांचं गणित वेगळं आहे. किडनीच्या आजारात लोह शरीरात असून साठ्यात अडकून पडतं, आणि आतड्यातूनही नीट आत येत नाही. म्हणून तिथे फेरिटिन भरपूर दिसलं तरी इंजेक्शन लागू शकतं, बरोबर रक्तवाढीचं इंजेक्शनही असतं. गरोदर बाईत फेरिटिन ३० च्या खाली असलं की साठा संपत आला असं धरतात. तुमचा ५०० चा आकडा इथे लावू नका. आणि एकाला दोन वर्षं सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसेलच असंही नाही.

मंगलमावशी, खजूर-शेंगदाणे द्याच. पण ७.६ वरून दोन महिन्यांत वर यायचं तर जेवणातून तेवढं लोह येत नाही. बीटाचा लाल रंग लोहामुळे नसतो.

सागरदादा, ९०/६० हा बीपी नेमका कधी मोजला? सगळं त्यावर आहे. आणि सलाईनचा वेग?

निवृत्त_फार्मासिस्ट_कराड:
आमच्या काळात आधी टेस्ट डोस द्यायचे. थोडंसं औषध देऊन बघायचं, काही झालं नाही तर पुढे. हल्ली तो देत नाहीत, म्हणून असे प्रकार होतात.

शुभांगी_सिस्टर:
काका, तो टेस्ट डोस जुन्या आयर्न डेक्स्ट्रानसाठी होता. त्याला खरोखर मोठ्या रिॲक्शन यायच्या. आता मिळणाऱ्या आयर्न सुक्रोज आणि कार्बॉक्सिमाल्टोज या लोहांसाठी तो लागत नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये तर टेस्ट डोसवर विसंबू नका असंच सांगितलं, कारण थोडं सोसलं म्हणून पुढचं सोसेल याची खात्री नसते. त्याऐवजी प्रत्येक वेळी तयारीच्या जागी द्यायचं आणि सलाईन संपल्यावर अर्धा तास बाईला जाऊ द्यायचं नाही.

सागर_विटा:
बहिणीला आणि आईला विचारलं. एक लहान बाटली होती, शंभरची. बाहेर रांग होती म्हणून चाक पूर्ण सोडलं होतं, सात-आठ मिनिटांत निम्मी गेली. मग त्रास झाला. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी झाली. तोवर ॲव्हिल आणि डेक्सा दिलं होतं. मग तिला झोप लागली. बीपी झोपेतून उठवून घेतला, अर्ध्या तासाने असेल. त्याआधी घेतला नव्हता. अंगावर गांधी उठल्या नाहीत, श्वासात शिट्टी नव्हती, ओठ सुजले नाहीत. आणि दाजींनी फोटो पाठवलाय, फेरिटिन ६ आहे, पाचव्या महिन्यातलं.

शुभांगी_सिस्टर:
आता चित्र दिसतंय. दोनशे मिलिग्रॅम सुक्रोज शंभर मिलीत घातलं तर निदान अर्धा तास तरी लागायला हवा. तुमच्याकडे निम्मं सात-आठ मिनिटांत गेलं. वेगाने गेल्यावर चेहरा लाल होणं, छाती आवळणं, कंबर-पाठ धरणं आणि बंद केल्यावर काही मिनिटांत आपोआप जाणं, हे आम्ही बऱ्याचदा बघतो. ही खरी ॲलर्जी नसते. पुष्कळदा पंधरा मिनिटं थांबून, निम्म्या वेगाने तीच बाटली पुन्हा लावता येते.

खऱ्या ॲलर्जीत बीपी कोसळतो, श्वास घरघरतो, जीभ-ओठ सुजतात. तिथे मांडीत ॲड्रिनलिन लागतं, तेही लगेच. ॲव्हिलवर भागत नाही.

आता ९०/६०. ॲव्हिलने गुंगी येते आणि बीपीही उतरू शकतो. म्हणून साध्या रिॲक्शनला ते देऊ नये असं आता सांगतात, नाहीतर औषधाचा परिणामच रिॲक्शन वाटतो. आणि ती उताणी झोपली होती का? ३१ आठवड्यांचं पोट उताणं झोपल्यावर मोठ्या शिरेवर दाबतं, बीपी तेवढ्यानेही उतरतो. डाव्या कुशीवर वळवून मोजायला हवा होता.

सागर_विटा:
हो, उताणीच होती!! म्हणजे ॲलर्जी नाहीच?

डॉ_निवृत्त_भूल:
थांबा. सिस्टरांचं बरंचसं पटतं, पण "नाहीच" असं कुणी म्हणू नये. त्रास चालू असताना बीपी घेतलाच नाही, मग तो उतरला नव्हता हे कशावरून? मी आयुष्यभर भूल दिली. अंगावर एकही गांध न उठता बीपी पडलेला पाहिला आहे. पोटात मूल आहे, आईचा बीपी पडला की बाळाचे ठोके मंदावतात. माझं मत असं, की त्याच औषधाच्या वाटेला जाऊ नका. द्यायचंच असेल तर दुसरं लोह, तेही ॲड्रिनलिन, ऑक्सिजन आणि बाळाचे ठोके बघायची सोय असलेल्या ठिकाणी.

शुभांगी_सिस्टर:
सर, जागेबद्दल शंभर टक्के मान्य. औषध बदलण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वेग हेच कारण असेल तर दुसरं औषधही वेगाने दिल्यावर तेच करील. पण निर्णय तिथल्या डॉक्टरांचा.

वृषाली_वाई:
मला वाटतं आधी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक दोषाचं सौम्य रूप, आहे का बघा. माझं हिमोग्लोबिन नेहमी ९ च्या आसपास असायचं, वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या आणि शेवटी एचपीएलसी या रक्ततपासणीत मायनर निघालं. लोह देऊन काही होत नाही त्यात.

शुभांगी_सिस्टर:
वृषालीताई, तपासणी करावीच, आणि नवऱ्याचीही, दोघंही मायनर असतील तर बाळाचा प्रश्न येतो. पण मायनर असलं तरी लोह कमी असू शकतं, आणि फेरिटिन ६ म्हणजे साठा रिकामाच. दादा, सीबीसीमध्ये लाल पेशींचा आकडा आणि एमसीव्ही, म्हणजे त्या पेशींचा आकार, काय आहे?

सागर_विटा:
आरबीसी ४.१, एमसीव्ही ६४.

शुभांगी_सिस्टर:
मायनरमध्ये पेशी बारीक असल्या तरी संख्येने भरपूर असतात, ५ च्या वर जातात. इथे संख्याही कमी, म्हणजे लोहाकडेच कल दिसतो. आणखी एक, गोळ्या कशा घेत होती?

सागर_विटा:
लाल गोळी आणि कॅल्शियमची, दोन्ही रात्री जेवणानंतर दुधाबरोबर. तसंच सांगितलं होतं. आणि आठवड्यातून तीन-चार वेळा उलटी व्हायची.

शुभांगी_सिस्टर:
मग गोळ्या चौथ्या महिन्यापासून चालू होत्या असं म्हणता येणार नाही. कॅल्शियम आणि दूध दोन्ही लोहाला अडवतात. लोहाची गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री, आणि गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको. साधारण असं असतं की गोळ्या नीट लागू पडल्या तर महिन्यात हिमोग्लोबिन एकाने वाढतं. ३१ व्या आठवड्यात ७.६ असताना सगळं सुरळीत झालं तरी बाळंतपणापर्यंत साडेनऊच्या आसपास, आणि ती उलट्या करते आहे. म्हणून सलाईनचा विचार बरोबर होता, चुकलं ते देण्याच्या पद्धतीत.

किती लागेल तेही सांगते. गरोदर होण्याआधीचं वजन किती?

सागर_विटा:
५०.

शुभांगी_सिस्टर:
११ पर्यंत जायचं तर ३.४ ची तूट. ५० गुणिले ३.४ गुणिले सूत्रातला ठरलेला आकडा २.४ म्हणजे ४०८, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवा. साधारण ९०० मिलिग्रॅम. सुक्रोज दर दिवसाआड दोनशे, आठवड्यात सहाशेच्या वर नाही, म्हणजे पाच फेऱ्या. कार्बॉक्सिमाल्टोज एका-दोन फेऱ्यांत होतं, एका वेळी किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम आणि आठवड्यात हजार ही मर्यादा असते. फेऱ्या कमी म्हणून लोकांना ते आवडतं, महाग पडतं.

डॉ_निवृत्त_भूल:
हिशेब ठीक. पिशवी तयार ठेवायचा सल्लाही फेकून देऊ नका. ७.६ वर बाळंतपण झालं आणि रक्तस्राव वाढला तर हाताशी काहीच उरत नाही. गट तपासून ठेवा.

मंगलमावशी_तासगाव:
माझ्या सुनेचं हिमोग्लोबिन किती होतं ते मला आठवत नाही, पण खजूर दिलेत हो तिला, ते चांगलेच असतात.

सागर_विटा:
आज मिरजेला नेलं होतं. तुम्ही म्हणालात तसं वेग, वेळ, कोणतं औषध, बीपी कधी घेतला, सगळं वहीत लिहून नेलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि "ॲलर्जी" खोडली नाही, पुढे प्रश्नचिन्ह केलं. दुसरं लोह, दाखल करून, पहिली पंधरा मिनिटं अगदी हळू, असं ठरलं होतं. पण तिला कालपासून ताप आहे, लघवीत जंतू निघाले. म्हणून सलाईन पुढे ढकलली, आधी पाच दिवसांचं औषध. गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर सुरू केली. उशीर होणार याचीच काळजी वाटते.

शुभांगी_सिस्टर:
ताप असताना लोहाची सलाईन लावत नाहीत, थांबवली ते बरोबर. औषध संपलं की दोन दिवसांत लघवी आणि हिमोग्लोबिन पुन्हा करायला सांगा. ३३ वा आठवडा उजाडायच्या आत तारीख घ्या. आणि ती वही बाळंतपणाच्या फाईलमध्येच ठेवा, सासरी जाऊ देऊ नका.