अनुभव धागा: सॉफ्टनर कुठे घालायचा, कुठे नाही? (टॉवेल, जर्सी आणि कोल्हापूरचा पावसाळा)

धागाकर्ती: पावसाळ्यात कपडे घरात वाळतात, कडक होतात, म्हणून सॉफ्टनर सर्रास वापरला जातो. मग टॉवेल मऊ लागतो, पण अंग कोरडं होत नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे जाणकारांनी प्रमाणासकट लिहावं.

धुलाईवाला_राजारामपुरी: सॉफ्टनरमधला मऊ करणारा घटक स्निग्ध असतो. तो पाण्याबरोबर वाहून जात नाही, धाग्यावर बसतो. बसतो म्हणूनच कापड मऊ लागतं. टॉवेलचं सगळं काम त्याच्या धाग्यांच्या उभ्या फासांवर चालतं. फासांवर थर चढला की पाणी आत शिरत नाही, नुसतं पसरतं.

ओळखायचं सोपं आहे. कोरड्या टॉवेलवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. चांगल्या टॉवेलमध्ये तो लगेच मुरतो. थर बसलेला असेल तर मोत्यासारखा वर बसून राहतो, टॉवेल तिरका केला की घरंगळतो. मात्र कोरा टॉवेलही असाच वागतो, कारण कारखान्यात त्याला मऊ दिसण्यासाठी फिनिश दिलेलं असतं. तो दोन-तीन धुण्यांनी सुधारतो.

निवांत_नागाळा: टॉवेल व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, सगळा थर निघून जातो. पावडर लागतच नाही.

धुलाईवाला_राजारामपुरी: अर्धं बरोबर आहे. व्हिनेगर पाण्यातल्या क्षारांवर चालतं. बोअरच्या पाण्याने टॉवेल पत्र्यासारखे झाले असतील तर शेवटच्या खळबळण्याला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, फरक पडेल. स्निग्ध थराला मात्र गरम पाणी आणि पावडरच लागते. आणि ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही नको, विषारी वायू तयार होतो.

चार-पाच मोठे टॉवेल असतील तर असं करा. मशीनमध्ये दुसरे कपडे नकोत. ६० अंशांचं पाणी, नेहमीच्या निम्मी पावडर, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, सॉफ्टनरचा कप्पा रिकामा, शेवटी एक जादा खळबळणं. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर गिझरच्या कढत पाण्यात पावडर-सोडा विरघळवून टॉवेल अर्धा तास भिजवा, मग फिरवा. वाळल्यावर पुन्हा थेंब टाका. थेंब वरच राहिला तर हेच पुन्हा करा, जुना थर एका धुण्यात जात नाही. गडद रंगाचे टॉवेल वेगळे घ्या, गरम पाण्यात रंग सुटतो.

तालीम_फुटबॉल: जर्सीला तर अजिबात घालू नकासा! पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही. घाम धाग्यांमधल्या बारीक फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथं उडतो. फटी बुजल्या की घाम अंगालाच चिकटतो. वर त्या थरात अंगाचं तेल अडकतं, म्हणून धुतलेली जर्सी वॉर्मअपलाच घाण मारायला लागते. जर्सी उलटी करून पावडरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. टॉवेलसारखं कढत पाणी नको, छापलेले नंबर उचकटतात.

सुगंधा: मला वासाचंच विचारायचं होतं. पावसात दोन दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा कुठला सुगंध टिकतो?

धुलाईवाला_राजारामपुरी: ताई, तो कुबट वास जंतूंचा असतो. कुठलाही सुगंध त्याला फक्त झाकतो, अंगाच्या उबेने तो पुन्हा वर येतो. कपडे दोनदा पिळून काढा, दोरीवर मध्ये वीतभर अंतर ठेवा आणि पंखा लावा. कपडे लवकर वाळले की वास धरतच नाही.

साडी_सेंटर_मागे: सगळे सॉफ्टनरवर तुटून पडलेत म्हणून लिहिते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत सिंथेटिक साडी परकराला चिकटते, चटचट आवाज येतो. तिथे सॉफ्टनर खरंच उपयोगी पडतो. ॲक्रिलिकचे स्वेटर, पलंगपोस, सुती शर्ट यांनाही चालतो, इस्त्री हलकी फिरते. पण घालायचा तो शेवटच्या पाण्यात. बादलीभर पाण्यात अर्धं टोपण, पाच मिनिटं, मग पिळायचं. पावडरबरोबर घातला तर दोघं एकमेकांना धरून गोळा होतात, मळ निघत नाही आणि कापडावर पांढरट चिकट डाग पडतात. ऑटोमॅटिकमध्ये फुलाच्या चित्राचा कप्पा असतो, तो खुणेच्या वर भरला तर सॉफ्टनर आधीच पाण्यात उतरतो.

निवांत_नागाळा: मग टॉवेल मऊ कसा ठेवायचा? सॉफ्टनर बंद करूनही आमचे कडकच आहेत.

धुलाईवाला_राजारामपुरी: पावडर कमी करून बघा, न निघालेली पावडरही कडक करते. दोरीवर घालण्याआधी दोन्ही टोकं धरून जोरात झटका, फास उभे राहतात.

तालीम_फुटबॉल: झटकून आमच्याकडं फरक पडला नाही ओ. बोअरचंच पाणी आहे. व्हिनेगर दर धुण्याला घालायचं का? मशीनचं रबर खराब होतं म्हणतात.

साडी_सेंटर_मागे: रबराची भीती असेल तर मशीनमध्ये नको. बाहेर बादलीत शेवटचं पाणी करा, आणि तेही टॉवेल कडक वाटतील तेव्हाच.