मदत हवी आहे : चिकन-मासळीसाठी वेगळा बोर्ड, लाकडी की प्लॅस्टिकचा?

मेघना_ठाणे
लवकर सांगा, आज ऑर्डर करायचाय. घरात एकच लाकडी बोर्ड आहे. आता चिकन-मासळीचा वेगळा करायचा ठरवलंय. कोणता टिकतो? आमच्याकडे पोट बिघडण्याची भानगड दोनदा झालीये, तिसऱ्यांदा नको.

कोळंबीप्रेमी
लाकडी. डोळे मिटून लाकडी. माझ्या आजीचा फणसाच्या लाकडाचा पाट अजून वापरतोय. बोर्डाचं सोडा, मासळीवालीच बदला. मी तर पहाटे ससून डॉकला जातो.

जुना_भिडू
पोट कोणाचं बिघडलं? सगळ्यांचं की एकाचं? आणि चिकन घरी कापता की दुकानातून तुकडे करून आणता?

मेघना_ठाणे
तुकडे करूनच आणतो हो. बोर्डाचं विचारलंय मी.

जुना_भिडू
तुकडे करून येतात तर बोर्डावर काय कापता? म्हणून विचारतोय. मी हॉटेलच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढलीत. कच्च्या मटणाला लाल आणि मासळीला निळा बोर्ड असायचा, तरी गोंधळ व्हायचेच, कारण ते बहुतेक वेळा बोर्डावरून होत नाहीत. कोण आजारी पडलं?

मेघना_ठाणे
सासूबाई. दोन्ही वेळा त्याच. रविवारी दुपारी जेवण, सोमवारी रात्री जुलाब आणि ताप. बाकी आम्ही ठणठणीत.

चिंचगुळ
मग चिकन कच्चं राहिलं असणार. हाडाजवळ गुलाबी दिसत होतं का? आमच्याकडे कुकरला तीन शिट्ट्या करतात.

मेघना_ठाणे
सासूबाई माळकरी आहेत! चिकनला हातही लावत नाहीत. त्यांनी वरणभात, काकडीची कोशिंबीर आणि पोळी खाल्ली. म्हणून तर डोकं चालेना.

जुना_भिडू
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना, ताई. चिकन नीट शिजलं म्हणून खाणारे बरे राहिले. न खाणाऱ्या बाई आजारी पडल्या. म्हणजे कच्च्या चिकनचं काहीतरी त्यांच्या ताटापर्यंत पोचलं असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. आता रविवारी सकाळी ओट्यावर काय काय चाललं होतं ते क्रमाने सांगा. आधी, त्यांना डॉक्टरला दाखवलंत ना? वय काय?

मेघना_ठाणे
72. दाखवलं, आता बऱ्या आहेत. क्रम असा : कोथिंबीर धुवून चाळणीत निथळत ठेवली, मग चिकन धुतलं, मॅरिनेट करून फ्रिजमध्ये ठेवलं. काकडी चोचवली, नारळ खवला, कोशिंबीर झाली.

जुना_भिडू
चाळणी कुठे होती?

मेघना_ठाणे
सिंकच्या शेजारी. म्हणजे सिंकच्या कडेवरच, एक बाजू आत. छोटं किचन आहे हो.

जुना_भिडू
आणि चिकन नळाखाली धरून धुतलं, नळ पूर्ण सोडून?

मेघना_ठाणे
हो. रक्त जायला नको?

चिंचगुळ
चिकन धुवायचं नाही म्हणे हल्ली! परदेशी खूळ आहे. आपल्याकडच्या दुकानातलं न धुता कढईत टाकायचं? शी! मी मीठ-हळद-लिंबू लावून अर्धा तास ठेवते, मग धुते. सगळे जंतू मरतात.

जुना_भिडू
चिंचगुळताई, मीठ-हळदीने उग्र वास जातो, बुळबुळीतपणा जातो. जंतू त्याने भरवशाने मरत नाहीत, मरतात ते शिजताना. तुकड्याच्या मधोमध 74 अंशापर्यंत उष्णता पोचली की संपलं. धुण्याने जंतू कमी होत नाहीत, नळाच्या धारेने आजूबाजूला उडतात. शिंतोडे दिसत नाहीत म्हणून पटत नाही. बघायचं असेल तर बटाट्याला ओली हळद चोळा, नळाखाली धरा, सिंकभोवती पांढरे कागद पसरा. कागदावरचे पिवळे ठिपके कुठवर जातात ते बघा, मग चाळणी कुठे ठेवायची ते ठरवा.

तरी धुवायचंच असेल (आपल्याकडे पिसं, रक्ताच्या गुठळ्या येतात, मान्य), तर खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने चोळा. पाणी हळूच सिंकमध्ये सोडा, उंचावरून ओतू नका. त्याआधी कोशिंबीर करून, झाकून, दुसऱ्या खोलीत. कच्चं खायचं ते सगळं आधी, चिकन शेवटी. एवढा क्रम बदलला तर बोर्डाच्या खरेदीपेक्षा जास्त फरक पडेल.

कोळंबीप्रेमी
मग तीच कोथिंबीर चिकनवर भुरभुरली असेल ना? बाकीच्यांना काही कसं झालं नाही?

मेघना_ठाणे
रश्शात घालून उकळी आणते मी. वरणावर आणि कोशिंबिरीत कच्चीच घातली. मुलाने कोशिंबीर खाल्ली नाही, नवऱ्याने खाल्ली. मी चमचाभर.

जुना_भिडू
मग नवरा बरा का, हे सांगता येत नाही. वय, पोटाची ताकद, पानावर नेमकं काय होतं, सगळं आलं त्यात.

रेवा_नाशिक
मला फ्रिजचं विचारायचंय. मी मॅरिनेट केलेलं चिकन फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवते, तिथे जास्त गार असतं. बरोबर आहे ना?

जुना_भिडू
गार असतं खरं, पण गळलं तर खालच्या सगळ्या कप्प्यांवर गळतं. पुस्तकात सांगतात की सगळ्यात खाली ठेवा. आपल्या एकदारी फ्रिजमध्ये सगळ्यात खाली भाजीचा ड्रॉवर! म्हणून काचेच्या खालच्या कप्प्यावर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा उभ्या कडेच्या ताटात. दुकानातली पिशवी तशीच ठेवू नका, तिच्या गाठीतून पाणी झिरपतं. ताटात ओघळ दिसला तर ताट लगेच साबणाने धुवायचं.

चिंचगुळ
बांगडा खाऊन माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. तेही हेच का?

जुना_भिडू
नाही, ते बहुधा वेगळं. बांगडा बर्फाबाहेर राहिला की त्यात एक घटक वाढतो, तो शिजवूनही जात नाही. पण प्रत्येक वेळी उठत असतील तर डॉक्टरला विचारा, अॅलर्जीही असू शकते.

मेघना_ठाणे
अहो माझा बोर्ड! आणि एक राहिलं, बांगडे मी विळीवर कापते. त्याच विळीला खवणी आहे. पाण्याने धुवून घेते.

जुना_भिडू
घ्या! पाण्याने नाही, गरम पाणी आणि साबणाने, घासणीने. खवणीच्या दातांत खोबरं अडकतं आणि विळीचं पातं पाटाला जिथे जोडलंय तिथे मासळीचा चुरा. परवडत असेल तर मासळीची विळी वेगळी ठेवा, कोकणात बऱ्याच घरांत असतेच. नाहीतर नारळ आधी खवा, बांगडे नंतर कापा. साबणानंतर विळी-बोर्डाला लिटरभर पाण्यात छोटा चमचा साधं ब्लीच घालून लावा, थोडा वेळ ठेवा, धुवा. लिंबू-व्हिनेगर त्यात मिसळू नका, घातक वायू सुटतो. आणि मसोतं! सिंक पुसलेलं मसोतं कोशिंबिरीच्या भांड्याला लावलंत तर सगळं फुकट.

कोळंबीप्रेमी
लाकूड जंतू आत ओढून मारतं, म्हणून लाकडी. हे मी वाचलंय.

जुना_भिडू
थोडं खरं आहे, पण ओला पाट वाळायला वेळ लागतो आणि भेगा पडल्या की आत काय चाललंय ते दिसत नाही. मी कच्च्या मांसाला प्लॅस्टिक घेईन, सुरीच्या खोल रेघा दिसल्या की फेकून देईन. जुना लाकडी भाज्यांना ठेवा. यावर किचनमध्ये मारामाऱ्या पाहिल्यात, तुमचं तुम्ही ठरवा.

मेघना_ठाणे
लाल घेते मग. आत्ता सासूबाईंना विचारलं. शनिवारी त्या भजनाला गेल्या होत्या, तिथे दहीपोहे होते. पहिल्या वेळेचं त्यांना आठवत नाही.

जुना_भिडू
मग तेही असू शकतं. साल्मोनेला हा जंतू पोटात गेल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दणका देतो, कॅम्पिलोबॅक्टर हा दुसरा जंतू साधारण दोन ते पाच दिवसांनी. भजनातल्या आणखी कोणाला झालं का विचारा.

मेघना_ठाणे
विचारते. चाळणी तेवढी खिडकीत ठेवली आजपासून.

कोळंबीप्रेमी
खिडकीत मांजर येतं.